गुलाबपाण्याचा फवारा अडला तेव्हा

सोलापुरात आमच्या घरी लग्नकार्यात गुलाबपाणी उडवायला रबरी फुग्याची काचेची बाटली आहे. यंदा तिचा फवारा दोन-चार दाबांतच मंदावला आणि मग नुसतीच हवा येऊ लागली.

फुगा दाबला की हवेचा झोत नळीच्या वरच्या तोंडावरून वेगाने जातो आणि तिथला दाब घटतो. बाटलीतल्या पाण्यावर मात्र वातावरणाचा पूर्ण दाब असतो, आणि तोच पाणी वर ढकलतो. झोत पाणी ‘ओढतो’ असं वाटतं खरं, पण काम खालची हवा करते. पाणी 5 सेंटीमीटर चढवायला दाबात सुमारे 500 पास्कलचा फरक पुरतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम अर्धा टक्का. त्यासाठी झोताचा वेग ढोबळमानाने ताशी 100 किलोमीटर लागतो. अरुंद तोंडातून तो सहज मिळतो.

आता पाणी बाहेर गेलं की तेवढी हवा आत यायला हवी. नाहीतर बाटलीतलाच दाब उतरतो आणि फरक संपतो. म्हणून झाकण अर्धा आटा सैल केलं. फवारा लगेच सुरू! म्हणजे नळी मोकळी होती, झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं होतं. झाकण कोमट पाण्यात भिजवून बारीक सुईने भोक हलकेच मोकळं केलं. सुई जोरात फिरवू नये, भोक मोठं होतं आणि बाटली कलली की गळते.

झाकण सैल करूनही पाणी चढलं नसतं, तर मी नळी आणि तिचं तोंड तपासलं असतं.