पीकेयूची केस सोडवायला बसण्यापूर्वी

जन्मजात चयापचय दोषांवरच्या केसमध्ये पीकेयू, म्हणजे फेनिलकीटोन्युरिया, सर्वांत जास्त वेळा येतो. म्हणून तयारीचा मोठा वाटा त्यालाच द्या. बाकीचे दोष त्याच्याशी ताडून पाहत शिकलात तर लवकर बसतात.

सगळ्यात आधी एक अभिक्रिया पक्की करा. यकृतातलं फेनिलअलानिन हायड्रॉक्सिलेज हे विकर फेनिलअलानिनचं टायरोसिन करतं. पीकेयूमध्ये ते काम करत नाही किंवा फार कमी करतं. फेनिलअलानिन रक्तात साठतं, मेंदूपर्यंत पोचतं आणि वाढत्या मेंदूची हानी करतं. इथपर्यंत सगळेच लिहितात. गुण पुढच्या दोन वाक्यांवर ठरतात. फेनिलअलानिन हे आवश्यक अमिनो आम्ल आहे, शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, म्हणून आहारातून ते बंद करायचं नसतं, मोजून द्यायचं असतं. आणि टायरोसिन आता घरचं राहिलेलं नाही, म्हणून तेही बाहेरून पुरवावं लागतं. 'फेनिलअलानिनमुक्त आहार द्यावा' असं लिहिणाऱ्याला हा आजार कळलेला नाही, हे परीक्षकाला तिथेच दिसतं.

दुसरी तयारी एककांची. प्रयोगशाळा कधी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आकडा देते, कधी मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्याला ६०.५ ने गुणलं की दुसरा मिळतो. निरोगी बाळाची पातळी साधारण १२० मायक्रोमोलच्या आत असते. उपचाराविना ती १२०० च्या वर गेली तर तो अभिजात पीकेयू. लहान मुलांसाठी उपचाराचं लक्ष्य १२० ते ३६०. त्यातला १२० हा खालचा आकडा विसरू नका, त्याचं काम पुढे येणार आहे.

आता गणित. हे वाचून येत नाही, कागदावर एकदा पूर्ण करून बघा. समजा, तीन आठवड्यांचं बाळ आहे, वजन ४ किलो, फक्त आईच्या दुधावर, आणि फेनिलअलानिन ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे सुमारे १८०० मायक्रोमोल. पहिल्या टप्प्यात आईचं दूध थोडे दिवस थांबवून फक्त फेनिलअलानिन नसलेला फॉर्म्युला देतात, म्हणजे पातळी झपाट्याने उतरते. या दिवसांत आईने दूध पिळून काढत राहायचं, हे उत्तरात जरूर लिहा, नाहीतर दूध आटेल आणि पुढची सगळी योजनाच कोसळेल. रक्त वरचेवर तपासायचं आणि पातळी पुरेशी उतरताच आईचं दूध मोजून परत सुरू करायचं.

किती सुरू करायचं? पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण १३० ते ४३० मिलिग्रॅम फेनिलअलानिन लागतं. बाळाची पातळी फार चढलेली होती, म्हणून किलोमागे ४० मिलिग्रॅम धरू, म्हणजे दिवसाला १६०. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ४६ मिलिग्रॅम फेनिलअलानिन असतं, तेव्हा १६० साठी साधारण ३५० मिलिलिटर दूध. त्यातून १.१ टक्क्याच्या हिशेबाने ३.८५ ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे २३५ किलोकॅलरी मिळतात. किलोमागे २.५ ग्रॅम प्रथिनं धरली तर गरज १० ग्रॅमची, म्हणजे ६.१५ ग्रॅम फॉर्म्युलातून यायला हवीत. डब्यावर १०० ग्रॅम पावडरीत १३ ग्रॅम प्रथिनं आणि ४६० किलोकॅलरी लिहिलेल्या असतील, तर लागेल ४७ ग्रॅम पावडर, आणि तिच्यातून सुमारे २१६ किलोकॅलरी. एकूण ऊर्जा ४५१, किलोमागे ११३. ही पावडर १५ टक्के तीव्रतेने कालवली तर ३१५ मिलिलिटर होते. दूध धरून दिवसाचा द्रव ६६५ मिलिलिटर, किलोमागे १६६. शेवटी ऊर्जा आणि द्रव दोन्ही किलोमागे तपासायची सवय लावून घ्या. आकडा आवाक्याबाहेर गेला तर चूक मागे कुठेतरी असते. टायरोसिन या वयात दिवसाला ११०० ते १३०० मिलिग्रॅम मिळतंय का, हेही डब्यावरून पाहा.

अंगावर पिणाऱ्या बाळाने ३५० मिलिलिटरच प्यायलं, हे कळणार कसं? कळत नाही, म्हणून मोजमाप फॉर्म्युलाचं करतात. ३१५ मिलिलिटर आठ वेळांत वाटले की दर वेळी सुमारे ४० मिलिलिटर. ते आधी पाजायचं आणि मग बाळाला हवं तेवढं अंगावर घ्यायचं. पोटात जागा कमी उरल्यामुळे आईचं दूध आपोआप मर्यादेत राहतं. ते कितपत राहिलं, हे आठवड्याचा रक्ताचा आकडा सांगतो आणि त्याप्रमाणे फॉर्म्युला कमीजास्त करतात. केसमध्ये 'आईला स्तनपान करायचं आहे' असं वाक्य असेल तर ते याच उत्तरासाठी घातलेलं असतं.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. केसमध्ये पाठपुराव्याचा आकडा दिलेला असतो, समजा ७००, आणि विचारतात, आता काय कराल? घाईने 'नैसर्गिक प्रथिनं कमी करा' लिहू नका. आकडा चढण्याची कारणं एकमेकांच्या अगदी उलट असू शकतात. एक तर मूल जास्त खातंय. पण ताप आला, जुलाब झाले, जेवण सुटलं किंवा फॉर्म्युला अर्धाच प्यायला गेला, तरी शरीर स्वतःचे स्नायू मोडतं आणि त्यातलं फेनिलअलानिन रक्तात येतं. तिसरं कारण सर्वांत फसवं. आधी फेनिलअलानिन इतकं कमी दिलं गेलं की पातळी १२० च्या खाली गेली, वजन थांबलं, लंगोटाच्या भागात पुरळ आलं, केस विरळ झाले, आणि मग ऊती मोडू लागल्यामुळे आकडा उलट वर चढला. या मुलाचं फेनिलअलानिन आणखी कमी केलं तर नुकसान वाढतं, ते वाढवावं लागतं. म्हणून आकडा वाचण्याआधी वजनाचा आलेख, गेल्या तीन दिवसांचं खाणं, आजारपण आणि फॉर्म्युला किती संपला हे वाचा. सलग दोन कमी आकडे आणि मग अचानक चढ दिसला, तर तिसरं कारण धरा. रक्त दर वेळी ठरावीक वेळी, शक्यतो सकाळी पहिल्या फॉर्म्युलाआधी घ्यायचं, नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

फेनिलअलानिन काबूत आहे, तरीही मूल ढिलं पडतंय, झटके येताहेत, असं लिहिलं असेल तर टेट्राहायड्रोबायोप्टेरिन या सहघटकाचा दोष आठवा. तिथे फक्त आहार पुरत नाही, मेंदूतल्या रसायनांसाठी औषधं लागतात. नव्याने निदान झालेल्या प्रत्येक बाळाची ही तपासणी व्हायला हवी, ही ओळ उत्तरात ठेवा.

वरच्या वयाची केस आली तर आपल्या स्वयंपाकघरातले आकडे हाताशी हवेत. ढोबळ हिशेब असा, की १ ग्रॅम नैसर्गिक प्रथिनात ५० मिलिग्रॅम फेनिलअलानिन. दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला २५० मिलिग्रॅम सोसत असेल तर सगळ्या नैसर्गिक प्रथिनांची मर्यादा ५ ग्रॅम. ३० ग्रॅम तूरडाळीचं वरण एकट्यानेच ती ओलांडतं. दीडशे मिलिलिटर गाईचं दूध ती जवळपास संपवतं. ३० ग्रॅम तांदळाचा भात निम्मी खातो. म्हणून दूध, डाळी, अंडी, मांस, शेंगदाणे बाहेर, भात आणि भाज्या मोजून, आणि ऊर्जेसाठी तेल, तूप, साखर, आरारूट, साबुदाणा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, म्हणून तो इथे खरोखर उपयोगाचा आहे, पण दाण्याचं कूट न घालता. जिरं आणि बटाटा घातलेली खिचडी चालते, बटाटा मात्र मोजलेला. 'उपासाचे पदार्थ द्या' असं सरसकट लिहू नका, राजगिऱ्यात गव्हापेक्षाही जास्त प्रथिनं असतात. उरलेली प्रथिनं फॉर्म्युलातून, दिवसातून तीन-चार वेळा विभागून. आणि ॲस्पार्टेम टाळा. त्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग फेनिलअलानिनच असतो, म्हणून आपल्याकडे अशा पाकिटांवर फेनिलकीटोन्युरियाच्या रुग्णांसाठी नाही अशी सूचना छापावी लागते.

मुलगी मोठी होऊन आई होऊ पाहते, अशीही केस येते. तिची पातळी गर्भधारणेआधीच ३६० च्या आत आणायची. बाळाला स्वतःला पीकेयू नसला तरी आईच्या रक्तातल्या चढ्या फेनिलअलानिनमुळे त्याचं डोकं लहान राहू शकतं आणि हृदयात दोष येऊ शकतो.

इतर दोषांत आधी एक प्रश्न विचारा: त्रास कोणत्या घासानंतर सुरू झाला? पहिल्याच आठवड्यात, फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळाला कावीळ, उलट्या, यकृताची सूज, आणि लघवीत बेनेडिक्ट चाचणी होकारार्थी पण ग्लुकोजची पट्टी कोरी, तर गॅलॅक्टोसेमिया. इथे पीकेयूच्या उलट, आईचं दूध पूर्ण बंद आणि सोयाचा, लॅक्टोज नसलेला फॉर्म्युला सुरू, तोही पक्क्या अहवालाची वाट न पाहता. पुढे दही, ताक, पनीर, खवा टाळायचे, आणि औषधाच्या गोळीत भर म्हणून लॅक्टोज आहे का तेही पाहायचं. आईच्या दुधावर बाळ छान होतं आणि मध चाटवल्यावर, साखर किंवा फळ दिल्यावर उलट्या आणि ग्लुकोज घसरणं सुरू झालं, तर आनुवंशिक फ्रुक्टोज असहिष्णुता. त्यात दूध चालतं, साखर, गूळ, मध, फळं आणि सॉर्बिटॉल असलेली सिरप चालत नाहीत. सांगताना मधाच्या बोटाचा उल्लेख कुटुंबाकडून सहज सुटतो, म्हणून केसमध्ये तो दिसला की अधोरेखित करा.

मेपल सिरप मूत्ररोगात ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं साठतात. लघवीला आणि कानातल्या मळाला जळक्या साखरेसारखा वास येतो. आपल्याकडे एक खबरदारी घ्यायला हवी. मेथीतही त्याच वासाचा घटक असतो आणि आईने मेथी खाल्ल्यावर निरोगी बाळालाही तो वास येऊ शकतो. मेथीचे लाडू खाणाऱ्या बाळंतिणीचं बाळ हसतंखेळतं असेल आणि अमिनो आम्लं ठीक असतील, तर आजार नाही. बाळ सुस्त, दूध सोडलेलं, अंग ताठरणारं असेल तर मात्र वेळ घालवू नका. उपचारात तिन्ही एकदम कमी करून भागत नाही. ल्युसिन अजून चढलेलं असतानाच आयसोल्युसिन आणि व्हॅलिन कमी पडू लागतात आणि मग ल्युसिन उतरायचं थांबतं, कारण नवीन प्रथिनं बनायला तिन्ही लागतात. म्हणून ही दोन वेगळी पुरवतात. तापात नैसर्गिक प्रथिनं तात्पुरती थांबवायची, शाखायुक्त अमिनो आम्लं नसलेला फॉर्म्युला चालू ठेवायचा आणि ऊर्जा नेहमीपेक्षा वाढवायची. तोंडावाटे जात नसेल तर रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज द्यायचं. नैसर्गिक प्रथिनं परत सुरू करायची ती ल्युसिनचा आकडा पाहून, थोडी थोडी, पण बऱ्याच दिवसांनी नव्हे.