मीटरवर कापड विकताय? लिस्टिंगमधल्या या चुका टाळा

जळगावच्या फुले मार्केटमध्ये गिऱ्हाईक कापड चिमटीत धरतं, उजेडात बघतं, पन्हा हाताने मोजतं आणि मगच भाव विचारतं. ऑनलाइन गिऱ्हाइकाला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्यासाठी चार आकडे लिहायचे असतात: पन्हा, जीएसएम, आटण आणि कमीत कमी किती कापून देणार. हे चार आकडे सोडून आमचे नवे दुकानदार 'प्रीमियम क्वालिटी, सॉफ्ट फील' लिहितात. वर फोटोला फिल्टर लावतात, म्हणजे रंगही खोटा.

आटणीपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात.

धुळ्याकडच्या एका ओळखीच्या दुकानदाराने सुती डॉबी कापड टाकलं होतं. लिहिलं होतं, 'श्रिंकेज नाममात्र, २ ते ३ टक्के'. चोपड्याच्या एका महिला मंडळाने कार्यक्रमासाठी एकसारखे कुर्ते शिवायला अकरा जणींचं कापड मागवलं, प्रत्येकी अडीच मीटर. शिंप्याने लिस्टिंग वाचली, आटत नाही म्हटल्यावर न भिजवताच कात्री लावली. शिवून झाले तेव्हा कुर्त्यांची उंची ४२ इंच होती. पहिल्या धुण्यानंतर ती ३९ भरली. अकराच्या अकरा कुर्ते गुडघ्याच्या वर गेले आणि मंडळाच्या अध्यक्ष ताईंनी दुकानदाराला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी त्याला विचारलं, हा आकडा आणला कुठून? म्हणे, "धुऊन पाहिलं ना भाऊ, काही व्हत नही." कसं पाहिलं, ते त्याने करून दाखवलं. रुमालाएवढा तुकडा भिजवला, उन्हात चिमट्याने टांगला आणि मग कडक इस्त्रीने दाबत, हाताने ओढत सरळ केला. वाफेने ओलसर झालेलं सुती कापड ओढलं की आटलेलं सगळं परत लांबतं. मोजपट्टी लावली तर आटण जवळजवळ शून्य. शिवाय मोजलं ते आडवं, म्हणजे बाण्याच्या दिशेने. सुती कापड आटतं ते मुख्यतः उभं, ताण्याच्या दिशेने, कारण मागावर आणि नंतर फिनिशिंगमध्ये ताणा खेचलेला असतो. पाण्यात गेला की तो मोकळा होतो. कुर्त्याची उंची त्याच दिशेला येते.

त्याच ताग्याचं कापड आम्ही परत तपासलं. माझी पद्धत एकच आहे. पूर्ण पन्ह्याचा साठ सेंटिमीटर तुकडा कापायचा. काठापासून लांब, उभ्या आणि आडव्या दिशेने बरोबर ५० सेंटिमीटरवर खुणा करायच्या, प्रत्येक दिशेला तीन ठिकाणी. खुणा पेनाने नाही, विरुद्ध रंगाच्या दोऱ्याने टाके घालून. पेन धुण्यात जातं आणि मग अंदाजपंचे काम सुरू होतं. तुकडा तासभर भिजवायचा, घरात धुतात तसा धुवायचा, सावलीत सपाट पसरून वाळवायचा. इस्त्री फिरवायची नाही, उचलून ठेवायची. मग मोजायचं. त्या कापडाची उभी खूण ४६.५ सेंटिमीटर भरली, आडवी ४८.५. म्हणजे उभं ७ टक्के, आडवं ३ टक्के. ४२ इंचांचे ७ टक्के म्हणजे जवळपास ३ इंच, ताईंचा हिशेब बरोबर निघाला.

एका धुण्यावर थांबू नका. सुती कापड दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यातही थोडं आटतं. मी तीनदा धुऊन शेवटचा आकडा लिहितो आणि दिशा लिहितो: 'उभं ७, आडवं ३ टक्के, तीन धुण्यांनंतर, साधं पाणी'. 'सॅन्फोराइज्ड', म्हणजे गिरणीतच आधी आटवून घेतलेलं, हा शब्द गिरणीचा कागद हातात असल्याशिवाय लिहू नका. गिऱ्हाइकाला हिशेबही करून द्या: धुतल्यावर अडीच मीटर हवं असेल तर २.५ भागिले ०.९३, म्हणजे सुमारे २.७० मीटर मागवा. त्या अकरा जणींना प्रत्येकी वीतभर कापड जास्त मागवायला सांगितलं असतं तर विक्रीही वाढली असती.

पन्ह्याचा घोटाळा साधा आहे, पण लोक तो सोडत नाहीत. ताग्यावरच्या चिठ्ठीवर ४४/४५ छापलेलं असतं, ते जसंच्या तसं उतरवतात. तो आकडा बहुतेक वेळा काठ धरून असतो. फिनिशिंगच्या मशीनवर कापड कडेला पिनांनी धरतात, त्या भोकांची पट्टी दोन्ही बाजूंना राहते आणि ती शिवणीत घेता येत नाही. कापड टेबलावर सैल पसरा, हाताने न ताणता तीन जागी मोजा, भोकं सोडून आतलं अंतर घ्या आणि सर्वांत छोटा आकडा लिहा. ४५ म्हणून आलेलं कापड आत ४३ भरलेलं मी बऱ्याचदा पाहिलंय. दोन इंचांनी काय होतं? ज्या शिंप्याने अंगाच्या शेजारी बाही बसवायचं गणित केलेलं असतं त्याची बाही बसत नाही आणि बाह्यांसाठी वेगळं कापड लागतं. इंच आणि सेंटिमीटर दोन्ही लिहा: '४३ इंच (१०९ सेंमी), वापरता येणारा पन्हा'.

आता वजन. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. लोक ताग्यावरून एक मीटर कापतात, काट्यावर टाकतात आणि १३२ आलं की १३२ जीएसएम लिहून मोकळे. कापड ४४ इंची आहे, म्हणजे तो तुकडा १.१२ चौरस मीटर झाला. खरं उत्तर ११८. तेच कापड ५८ इंच पन्ह्यात असेल तर मीटरला १७४ ग्रॅम भरेल, तरी जीएसएम ११८च. घरी करायचं तर दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन धाग्याला धरून कापा, शेजारच्या सराफाच्या काट्यावर तोला, शंभराने गुणा. १.१८ ग्रॅम आलं तर ११८. पाच ठिकाणचे चौकोन घ्या, एकाच कोपऱ्यातले नकोत. खळ लावलेलं कापड असेल तर धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा तोला. खळ निघाली की हातात वेगळंच कापड येतं, गिऱ्हाइकाला ते कळायला हवं. कुरिअरला मात्र मीटरचंच वजन लागतं, ते वेगळ्या ओळीत लिहा.

कमीत कमी कट. 'मिनिमम १ मीटर' एवढं पुरत नाही. पुढे पाव मीटरने वाढेल की अर्ध्याने, आणि जास्त मागवलं तर सलग मिळेल की तुकड्यांत, हे लिहा. सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे संख्येच्या चौकटीत १ म्हणजे अर्धा मीटर ठेवणं आणि ते खाली बारीक अक्षरात सांगणं. पाच मीटर हवं असलेला माणूस ५ टाकतो, त्याला अडीच मीटर पोचतं आणि तो तुम्हाला चोर ठरवतो. अर्ध्यानेच विकायचं असेल तर भाव 'प्रति अर्धा मीटर' असा शीर्षकातच टाका, आणि खाली एक उदाहरण: '२ मीटरसाठी संख्या ४'.

ताग्याच्या शेवटी १.४० मीटर उरलं की काही जण ते पुढच्या दोन मीटरच्या ऑर्डरीत ६० सेंटिमीटरच्या जोडीला घालून पाठवतात. तसं करू नका. त्याची वेगळी लिस्टिंग करा, 'कटपीस, १.४० मीटर, एकच नग' असं लिहा, भाव थोडा उतरवा. अशा तुकड्यांवर टपलेलं गिऱ्हाईक वेगळंच असतं, झबली-टोपडी शिवणाऱ्या बायका ते दुपारपर्यंत उचलतात.