नकाशाच्या फोटोवरून नाशिक-मालेगाव अंतर काढलं, आधी १४ किमी चुकलं

मित्राच्या दुकानात भिंतीवर जिल्ह्याचा छापील नकाशा आहे, त्याचा मोबाईलवर फोटो काढला आणि घरी येऊन पेंटमध्ये पिक्सेल मोजले. खालची ५० किमीची स्केलपट्टी ३४० पिक्सेल, नाशिक ते मालेगाव ५७१, म्हणजे ५७१ × ५० ÷ ३४० = ८४ किमी. इतकं कमी? रस्त्यानेच शंभराच्या वर जातं की.

आधी वाटलं पट्टी चुकीची मोजली, कारण काही पट्ट्यांत शून्याच्या डावीकडेही थोडा भाग असतो आणि मोजायचं शून्यापासून. पण तसं नव्हतं. मग दिसलं की फोटोत नकाशाची खालची चौकट वरच्यापेक्षा बरीच लांब आलीये, मी खालून तिरका फोटो काढलेला, त्यामुळे कॅमेऱ्याजवळची पट्टी फुगली आणि वरची गावं आकसली.

दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून अगदी समोरून काढला (मित्र हसत होता). पट्टी ३१०, गावं ६०८, उत्तर ९८ किमी. हे सरळ रेषेतलं हं, रस्ता वळणं घेतो म्हणून जास्त भरतो.

आणि नकाशावर छापलेलं १:१०,००,००० वगैरे फोटोत धरू नका, झूम केलं की ते बाद, पट्टी मात्र नकाशासोबतच लहानमोठी होते.