थडग्यावरची तारीख आणि वय जुळवताना

एका परिचितांनी इंग्लंडमधल्या जुन्या थडग्याचा फोटो मराठी भाषांतरासाठी पाठवला. समोरून पडलेल्या उन्हात अक्षरं सपाट दिसत होती. बाजूने तिरपा उजेड टाकून पुन्हा फोटो मागवला, तेव्हा कोरीव कडा उठून आल्या. शब्दामध्ये ‘एफ’सारखं दिसणारं अक्षर हे बहुतेकदा जुना लांब ‘एस’ असतो, हे धरल्यावर बाकी मजकूर लागला.

अडलं ते तारखेपाशी: फेब्रुवारी 1741/2. त्यापुढे ‘अ‍ॅनो एटाटिस 63’. घरच्या वंशावळीत मात्र बाप्तिस्मा जून 1679 चा, त्यामुळे वय 63 भरेना.

इंग्लंडमध्ये 1752 पूर्वी कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. म्हणून जानेवारी ते 24 मार्चमधल्या तारखांना दोन वर्षं लिहीत. आपल्या हिशोबाने हे 1742. आणि त्या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘वयाच्या 63 व्या वर्षी’, म्हणजे 62 पूर्ण. जून 1679 पासून मोजलं की बरोबर बसतं. मात्र संक्षेपात नुसतं ‘एटॅट.’ असेल, तर पूर्ण वय की चालू वर्ष हे ठरवता येत नाही. तिथे मी ‘वय 63’ एवढंच लिहितो.

नावाआधी ‘कै.’ लावलं नाही. ख्रिस्ती माणसाला कैलासवासी कसं म्हणणार? ‘येथे चिरविश्रांती घेत आहेत’ असं आदरार्थी बहुवचन ठेवलं. ‘रेलिक्ट’साठी ‘यांच्या विधवा पत्नी’. दुहेरी वर्ष भाषांतरात तसंच ठेवून खुलासा तळटीपेत दिला.