डीआरएल, कॉर्नरिंग लाईट, फॉलो-मी-होम : दिव्यांच्या या चुका टाळा

जानेवारीच्या मध्यात लातूरकडे सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. साडेसहाला अंबाजोगाई-लातूर रस्त्यावर उभे राहून जाणाऱ्या गाड्या पाहा. समोरून येताना पांढरीशुभ्र पट्टी चमकते, पण तीच गाडी पुढे निघून गेली की मागे पूर्ण अंधार असतो. पुढचे डीआरएल, म्हणजे दिवसा लागणारे डे-टाईम रनिंग लाईट, चालू, मागचे टेललाईट बंद. आत बसलेल्याला मात्र आपले लाईट लागलेत याची खात्री असते. मीटर उजळलेला असतो आणि पुढच्या गाडीच्या डिकीवर आपल्या पट्टीचा उजेडही पडलेला दिसतो.

डीआरएलचे काम एवढेच, की दिवसा समोरच्याला आपली गाडी लांबून दिसावी. रस्ता उजळणे हे त्याचे काम नाही. ते इंजिनबरोबर आपोआप लागते आणि बहुतेक गाड्यांत फक्त पुढेच असते. टेललाईट आणि नंबर प्लेटचा दिवा पार्किंग लाईटच्या सर्किटवर असतात, म्हणजे स्टेअरिंगजवळची लाईटची दांडी फिरवल्याशिवाय किंवा AUTO ने लावल्याशिवाय ते लागत नाहीत. पूर्वी मीटर काळा दिसला की हात आपसूक लाईटच्या दांडीकडे जायचा. आता मीटर दिवसभर उजळलेला असतो, त्यामुळे ती आठवणच होत नाही.

उसाच्या हंगामात ही चूक महागात पडते. पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर हळू चाललेला असतो, तुम्ही त्याच्यामागे वेग कमी करता. मागून येणाऱ्या ट्रकला धुळीत तुमची गाडी दिसते ती ब्रेक लागल्यावरच. ब्रेकवरचा पाय काढलात की पुन्हा अंधार.

तपासायला दोन मिनिटे लागतात. अंधार पडल्यावर गाडी घरासमोर सपाट जागी उभी करून इंजिन चालू करा, हँडब्रेक ओढा आणि लाईटची दांडी ‘बंद’वर ठेवून मागे जाऊन पाहा. टेललाईट बंद असतील तर तुमचे डीआरएल फक्त पुढचे आहे. काही गाड्यांत हँडब्रेक ओढला की डीआरएल विझते. तो बिघाड नाही. मग दांडी एक टप्पा फिरवा. मागचे दिवे लागतील आणि मीटरवर एकमेकांकडे पाठ केलेल्या दोन दिव्यांची हिरवी खूण येईल. गाडी चालवताना बघायची ती हीच खूण. ती दिसत नसेल तर मागचे दिवे लागलेले नाहीत असे समजा.

दांडी AUTO वर ठेवली की काम झाले, हाही अर्धवट समज आहे. आरशाजवळ काचेवर बसवलेला सेन्सर उजेड मोजतो, धुके ओळखत नाही. हिवाळ्यात सकाळी गोदाकाठच्या गावांतून जाताना धुके पांढरे, उजळ असते. सेन्सरच्या लेखी तो दिवस असतो, म्हणून लाईट लागत नाहीत. धुक्यात, दिवसाच्या जोरदार पावसात आणि धुळीच्या वावटळीत लो बीम हातानेच लावा. केंद्रीय मोटार वाहन नियम 105 सुद्धा फक्त सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासाची अट घालून थांबत नाही. पुरेसा उजेड नसेल तेव्हाही दिवे लावायला सांगतो.

बाहेरून डीआरएलची पट्टी लावून घेणार असाल तर वायर कुठून घेतली ते विचारा. थेट बॅटरीवरून घेतली तर गाडी बंद असतानाही पट्टी वीज खात राहते. पार्किंगच्या वायरीवरून घेतली तर ती रात्रीच लागते, मग तिला डीआरएल म्हणण्यात अर्थ नाही. इग्निशन चालू झाल्यावरच वीज येते अशा फ्यूजवरून, वेगळा छोटा फ्यूज टाकून ती घ्यावी. हेडलाईट लागल्यावर पट्टी मंद झाली पाहिजे किंवा विझली पाहिजे. नाहीतर रात्री समोरच्याच्या डोळ्यांत जाते.

कॉर्नरिंग लाईट ‘लागत नाही’

या तक्रारीत दिवा बहुधा चांगलाच असतो, अट पूर्ण झालेली नसते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत कॉर्नरिंग लाईट म्हणजे वळणाच्या बाजूचा पुढचा फॉग लॅम्पच. तो लागायला लो बीम चालू हवा, वेग साधारण ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा आणि स्टेअरिंग बऱ्यापैकी वळलेले किंवा त्या बाजूचा इंडिकेटर दिलेला हवा. कोणत्या गाडीला स्टेअरिंग लागते आणि कोणत्या गाडीला इंडिकेटर, ते मॅन्युअलमध्ये असते. मांजरसुंबा घाटात 45 ने वळण घेताना तो लागला नाही, तर गाडी बरोबरच वागते आहे. हायवेवरून वस्तीच्या कच्च्या रस्त्याला वळताना कडेचा चर, बांध किंवा उभी बैलगाडी दिसावी, यासाठी हा दिवा आहे.

दुसरी गल्लत अशी की फॉग लॅम्प आधीच लावून ठेवलेले असतात. मग वळताना वेगळे काय दिसणार? तपासताना फॉगचे बटण बंद करा, रात्री भिंतीपासून दहा-बारा फुटांवर गाडी उभी करा, इंजिन आणि लो बीम चालू ठेवा. आधी डावा इंडिकेटर द्या, मग तो बंद करून स्टेअरिंग पूर्ण डावीकडे फिरवा. उजव्या बाजूलाही हेच करा. भिंतीच्या त्या कोपऱ्यात उजेड हळूहळू चढताना दिसला पाहिजे.

एकच बाजू लागत नसेल तर फॉगचे बटण दाबा. तरीही ती बाजू काळीच राहिली तर बल्ब, सॉकेट किंवा वायर पाहा. दोन्ही बाजूंचे बल्ब अदलाबदल केले की दोष बल्बचा की वायरचा ते कळते. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डाग पडला की तिथे काच जास्त तापून बल्ब लवकर जातो. फॉग दोन्ही नीट लागतात, पण वळताना काहीच होत नाही, अशा वेळी स्क्रीनवरची सेटिंग पाहा. तीही चालू असेल तर स्टेअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरवर तपासून घ्या.

फॉगमध्ये बाजारातले एलईडी बल्ब टाकले असतील तर आणखी एक गंमत होते. गाडी हा दिवा हळूहळू चढवण्यासाठी वीज तुकड्या-तुकड्यांनी देते. हॅलोजनला ते चालते, साधा एलईडी मात्र फडफडतो किंवा लागतच नाही. वायरिंग उकलण्याआधी मूळ बल्ब परत लावून बघा.

फॉलो-मी-होम आणि उतरलेली बॅटरी

गाडी बंद केल्यावर लो बीम थोडा वेळ चालू राहतो, म्हणजे फाटकापासून दारापर्यंत उजेड मिळतो. काही गाड्यांत इग्निशन बंद करून डिपरची दांडी एकदा आपल्याकडे ओढावी लागते. काहींत स्क्रीनवर Follow Me Home ची वेळ निवडून दांडी AUTO वर ठेवावी लागते, आणि तेही अंधार असेल तरच लागते. इंजिन चालू असताना दांडी ओढली तर फक्त डिपर मारला जातो. उजेड गाडीच्या तोंडापुढेच पडतो, म्हणून गाडी वाटेकडे तोंड करून लावा.

“या लाईटने बॅटरी उतरते” म्हणून ही सोय बंद करणारे पुष्कळ. हिशेब बघा. 55 वॅटचे दोन हॅलोजन आणि पार्किंगचे दिवे मिळून साधारण 135 वॅट, म्हणजे 11 अँपिअर. 30 सेकंदांत जेमतेम 0.1 अँपिअर-तास जातो. लहान गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची असते.

खरा चोर असतो तो विसरलेला पार्किंग लाईट. लाईट थोडा वेळ राहणारच आहे असे समजून माणूस दांडी पहिल्या टप्प्यावर सोडून घरात जातो. हेडलाईट ठरल्या वेळी विझतो, पण ज्या गाड्यांत पार्किंग आपोआप बंद होत नाही, तिथे पाच वॅटचे पाच दिवे जळत राहतात. ते 25 वॅट, म्हणजे दोन अँपिअर. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत 16 अँपिअर-तास गेले, जवळपास अर्धी बॅटरी. ती दोन-तीन वर्षे जुनी असेल तर थंडीत सकाळी सेल्फ नुसता टकटक करतो. दार उघडल्यावर बझर वाजला तर तो याचसाठी असतो. दांडी ‘बंद’वर किंवा AUTO वर आणा आणि मगच गाडी लॉक करा.