मुलांना ऑनलाइन कोडिंग शिकवताय? फीचं आधी ठरवा

पालकांचा पहिला प्रश्न असतो, "महिन्याचे किती?" आपण "बाराशे" म्हणतो आणि घोळ तिथेच सुरू होतो, कारण महिन्यात तास किती हे कोणी बोललेलंच नसतं. मी यात चांगलाच अडकलो. गणपतीत मुलं गावी गेली, मग सहामाही, मग दिवाळी. एका पालकांनी झालेल्या पाच तासांचेच पैसे दिले, दुसऱ्यांनी पूर्ण फी देऊन उरलेले तीन तास भरून मागितले. दोघांचंही म्हणणं रास्त होतं, आणि माझे रविवार जादा तासांत गेले.

म्हणून फी तारखेला बांधू नका, तासांना बांधा. आठ तासांचा एक टप्पा, पैसे टप्प्याच्या आधी. तुम्ही रद्द केलेला तास मोजायचा नाही. सगळ्या बॅचला सुट्टी असेल तर तास पुढे सरकतो. एकटंच मूल आलं नाही तर तास मोजला जातो, पण पुढच्या तासाआधी त्याला दहा मिनिटं द्यायची. हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि "मान्य" असं उत्तर आल्याशिवाय मुलाला बॅचमध्ये घेऊ नका. मागताना अवघड वाटतं, पण बहुतेक पालक लगेच मान्य करतात. त्यांनाही स्पष्ट बोलणं हवंच असतं.

आता आकडा. चार मुलांचे 1200 प्रमाणे 4800 रुपये. आठ तास शिकवणं, चार तास तयारी, चार तास पालकांचे फोन आणि मेसेज, म्हणजे ताशी 300. एका मुलाने सोडलं की तेच 225 होतात. तीन मुलांवरही परवडेल अशीच फी सांगा.

अभ्यासक्रम विकत घेऊ नका. चौथी ते सहावीच्या मुलांना स्क्रॅचमध्ये वरून पडणारी सफरचंदं टोपलीत झेलायचा खेळ करायला द्या. दुसऱ्यांदा हिरवा झेंडा दाबला की स्कोअर शून्याऐवजी मागच्या सातवरूनच सुरू होतो, कारण खेळ थांबला तरी व्हेरिएबल आपली किंमत धरून ठेवतो. `when flag clicked` खाली `set score to 0` लावायचं असतं. हे सांगू नका. "झेंडा दाबायच्या आधी स्कोअर किती दिसतोय?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. स्क्रीनचा ताबा घेऊन पटकन दुरुस्त करून देणारे शिक्षक मला अजिबात पटत नाहीत. मूल खूश होतं, पण पुढच्या खेळात तिथेच अडतं.

त्याच संध्याकाळी पालकांना लिहा: "स्कोअर शून्यावर का येत नाही, हे आज तिने स्वतः शोधलं. तिला दाखवायला सांगा." महिनाअखेरच्या सर्टिफिकेटपेक्षा या दोन ओळी पालकांना जास्त कळतात. "पायथन कधी?" हा प्रश्न तरीही येईलच. वर्गाबाहेर दुसरा एखादा खेळ तिने लूप आणि `if` वापरून एकटीने केला आणि कीबोर्डवर कंस, अवतरणचिन्हं शोधावी लागेनाशी झाली की पायथन सुरू करू, असं पहिल्याच फोनवर सांगून ठेवा.