निविदेच्या पाकिटातला डीडी: तपासताना या चुका टाळा

सोसायटीच्या रंगकामाची पाकिटं उघडली की कमिटीचे डोळे थेट दरांच्या तक्त्यावर जातात. अनामत रकमेचा डीडी कुणीतरी 'आहे ना? ठेवा' म्हणत फाइलला टाचून टाकतो. घोळ होतो तो इथेच.

नेरुळमधल्या एखाद्या सोसायटीचं उदाहरण घेऊ. अनामत 50,000 रुपये, तीन ठेकेदारांचे तीन डीडी, तिघांवरही तारीख 24 जून.

पहिल्या डीडीवर नुसतं इमारतीचं नाव आहे. खातं मात्र '...सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' या पूर्ण नावाचं. 'आपल्याला बँकेत ओळखतात, घेतील' असं सेक्रेटरी म्हणतात. कदाचित घेतीलही, पण त्या भरवशावर राहू नका. 20,000 आणि त्यावरचा डीडी बँकेला 'अकाउंट पेयी' क्रॉसिंग करूनच द्यावा लागतो. म्हणजे पैसे नाव असलेल्याच्याच खात्यात जाणार, मागे सही करून दुसऱ्याकडे फिरवता येणार नाहीत. 'सेक्रेटरी' किंवा 'चेअरमन' अशा पदनामाने काढलेल्या डीडीचं दुखणं हेच. नाव पासबुकाशी अक्षर न् अक्षर जुळवा, आणि पुढच्या वेळी निविदेच्या सूचनेतच ते इंग्रजी स्पेलिंगसह छापा. नावात किंवा रकमेत खाडाखोड असेल तर शेजारी अधिकाऱ्याची सही असली तरी डीडी परत करा. सीटीएस क्लिअरिंगमध्ये अशी दुरुस्ती चालत नाही, नवाच डीडी लागतो.

रकमेबद्दल फार सांगायला नको. आकडा पाहून थांबू नका, अक्षरी रक्कम मोठ्याने वाचा. दोन्हींत फरक पडला तर कायदा अक्षरी रक्कम धरतो.

सगळ्यात जास्त नुकसान मुदतीपायी होतं. एप्रिल 2012 पासून डीडी तारखेपासून तीन महिनेच चालतो, पण कित्येकांच्या डोक्यात अजून जुने सहा महिने बसलेत. आपल्या उदाहरणात पाकिटं जुलैत उघडली. मग दर कमी करून घेण्यात ऑगस्ट गेला, गणपती आले, 'पितृपक्षात वर्क ऑर्डर नको' असं ठरलं, आणि 24 सप्टेंबर कपाटातच उलटून गेला. पैसे बुडत नाहीत, पण डीडी काढलेल्या शाखेत जाऊन तो पुन्हा वैध करून घ्यावा लागतो किंवा रद्द करून नवा काढावा लागतो. यासाठी धावपळ ठेकेदाराने करायची, आणि तोवर त्याला काम नको झालं असेल तर तो कशाला धावेल? म्हणून पाकिटं उघडली की दुसऱ्या दिवशीच डीडी खात्यात भरा. ज्यांना काम मिळालं नाही त्यांची रक्कम नंतर चेकने परत करता येते. तसं निविदेच्या अटींत लिहून ठेवा.

आता शिक्का. गोल शिक्का दिसला की लोक निर्धास्त होतात, पण रबरी शिक्का कुणालाही बनवून मिळतो. काही डीडींवर तो पुसट असतो किंवा नसतोही, तेवढ्यावरून डीडी खोटा ठरत नाही. शाखेचं नाव आणि कोड, अधिकाऱ्याची सही आणि तिच्याजवळचा सही क्रमांक पाहा. ठरावीक रकमेच्या वर दोन सह्या हव्यात, असं डीडीवर छापलेलं असेल तर दोन्ही सह्या मोजा. कागद उजेडासमोर धरला की 'सीटीएस इंडिया' हा जलचिन्हाचा मजकूर दिसायला हवा. तरी शंका राहिली तर सोसायटीच्या लेटरहेडवर डीडीचा नंबर, तारीख, रक्कम लिहून शाखेकडून खात्री करून घ्या. फोन करायचाच तर नंबर बँकेच्या वेबसाइटवरून घ्या, ठेकेदाराने दिलेला नको.

शेवटची गोष्ट फारसं कुणी बघत नाही. सप्टेंबर 2018 पासून डीडी काढणाऱ्याचं नावही दर्शनी बाजूला छापावं लागतं. आणि 50,000 किंवा त्यावरचा डीडी रोखीने मिळत नाही, तो खात्यातून किंवा चेकनेच निघतो. आपले तिन्ही डीडी शेजारी ठेवा. दुसरा आणि तिसरा तुर्भ्यातल्या एकाच शाखेचा, नंबर लागोपाठचे. एवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका, दोघांची खाती एकाच शाखेत असू शकतात. पण दोन्हींवर काढणारा म्हणून एकाच फर्मचं नाव असेल, तर या दोन निविदा एकमेकांशी स्पर्धा करतायत असं मानायला जागा उरत नाही. दर वाचण्याआधी दोघांकडून लेखी खुलासा मागा आणि दोन्ही डीडींच्या झेरॉक्स त्या सभेच्या इतिवृत्ताला जोडा.